मदत हवी आहे: शोकसभेत मौनासाठी दोन बोटं दाखवली आणि स्क्रीनवर फुगे उडाले

रंकाळाकाठ

नमस्कार मंडळी. जरा मोठं लिहितोय, पण पूर्ण वाचून मगच सांगा.

गेल्या रविवारी आमच्या दहावीच्या १९९४ च्या बॅचने गणिताच्या सरांसाठी झूमवर शोकसभा घेतली. कोणी पुण्यात, कोणी मस्कतमध्ये, त्यामुळे ऑनलाइनच घ्यावी लागली. कोल्हापुरात राहणारा म्हणून सूत्रसंचालन माझ्याकडे होतं. सरांच्या राजारामपुरीतल्या घरी काकू आणि त्यांचा मुलगा टीव्हीवर बघत बसले होते.

सगळ्यांचं बोलून झालं. मी म्हणालो, "आता माइक बंद करून दोन मिनिटं मौन पाळूया." काहींचा आवाज तुटत होता, त्यांनाही कळावं म्हणून कॅमेऱ्यासमोर दोन बोटं वर धरली. एखाद सेकंद गेला असेल, माझ्या पाठीमागून रंगीत फुगे वर जायला लागले. वाढदिवसाला असतात तसले. मी स्पॉटलाइटवर होतो, म्हणजे सगळ्यांना माझाच चेहरा मोठा दिसत होता. हात खाली घेतला तरी फुगे वर जातच होते. चॅटमध्ये एकाने लिहिलं, "हे काय चाललंय?" काकूंनी मान खाली घातली. ती दोन मिनिटं मलाही मान वर करवली नाही.

मी एकही बटण दाबलेलं नव्हतं. लॅपटॉप मुलीचा आहे, मॅकबुक एअर.

अजून एक गोष्ट मनात राहिली आहे. सुरुवातीला मी विचारलं, "आवाज येतोय का सगळ्यांना?" पंधरा-वीस जणांनी अंगठा पाठवला. मी न थांबता पुढचं वाक्य बोललो, "सर मंगळवारी पहाटे गेले." ते वाक्य संपेपर्यंत सगळ्यांच्या चौकटीत अंगठे तसेच होते.

पुढच्या रविवारी सरांच्या नावाने शाळेत बक्षीस ठेवण्याबद्दल बैठक आहे. काकूही असणार आहेत. हे कशामुळे झालं, परत होऊ नये म्हणून काय करू, आणि अशा बैठकीत रिॲक्शनचा रिवाज काय ठेवावा?

शिवाजीपेठकर

भावा, वाईट वाटलं वाचून. हे झूमचंच काम आहे. झूमच्या सेटिंगमध्ये हाताच्या खुणा ओळखायची सोय असते. हात वर केला की ते आपणहून 'हात वर'ची खूण टाकतं, अंगठा दाखवला की अंगठा. ते बंद कर, विषय संपला. माझ्या ऑफिसात एकदा डोकं खाजवताना माझा हात वर झाला होता.

तांबडापांढरा

आमच्या तालमीच्या ग्रुपवर पण हाच प्रकार. कुणी गेल्याचा मेसेज आला की खाली चार जण अंगठा टाकतात. मी ॲडमिन म्हणून सांगून टाकलं आहे की हात जोडा नाहीतर काहीच टाकू नका. तुम्ही पण ग्रुपवर तसा नियम करा.

रंकाळाकाठ

@तांबडापांढरा, ग्रुपचं बरोबर आहे, पण माझा प्रश्न व्हिडिओ मीटिंगमधला आहे. मी काही पाठवलंच नव्हतं, आपोआप आलं.

@शिवाजीपेठकर, आत्ता बघितलं. झूममधली ती सेटिंग आधीपासून बंदच आहे.

कॅमेऱ्यामागे

मी संस्थांच्या ऑनलाइन सभा चालवतो, हा प्रकार मला चांगला माहीत आहे. शिवाजीपेठकर म्हणतात ती सोय झूममध्ये आहे हे खरं. पण ती हात वर, अंगठा अशा मोजक्या खुणांपुरती, आणि त्यातून तुमच्या चौकटीच्या कोपऱ्यात छोटं चित्र येतं. तुमच्याकडे फुगे पाठीमागून, खांद्याआडून वर गेले. म्हणजे ते झूमने टाकलेले नाहीत, मॅकने तुमच्या कॅमेऱ्याच्या चित्रातच घातले. झूमकडे चित्र पोचलं तेच फुग्यांसकट. ओळखायची खूण हीच: चौकटीवर चिकटवल्यासारखं दिसलं तर मीटिंगच्या ॲपचं, तुमच्याभोवती हवेत असल्यासारखं दिसलं तर कॅमेऱ्याचं.

२०२३ मध्ये मॅकला सोनोमा आणि आयफोनला आयओएस १७ आलं, तेव्हापासून हे आहे. मॅकमध्ये ॲपलची स्वतःची चिप असावी लागते, आयफोन १२ किंवा त्यापुढचा. एका हाताची दोन बोटं इंग्रजी व्ही सारखी धरली की फुगे, दोन्ही हातांची धरली की रंगीत कागदाचे तुकडे. एक अंगठा वर केला तर अंगठ्याचं चित्र येतं, दोन्ही अंगठे वर केले तर चक्क फटाके. खूण चेहऱ्यापासून बाजूला धरून क्षणभर स्थिर ठेवली की ते ओळखतं. तुम्ही तर सगळ्यांना दिसावं म्हणून नेमकं तसंच धरलं होतं. यात तुमची चूक नाही. ही सोय आली तेव्हा सुरूच असलेली आली, मुद्दाम बंद करावी लागते. परदेशात समुपदेशनाच्या सत्रात फटाके उडाल्याच्या तक्रारी आल्या होत्या.

बंद करायची रीत सांगतो. आधी झूम उघडून कॅमेरा चालू करा, कारण कॅमेरा चालू असल्याशिवाय हा पर्याय दिसतच नाही. बहुतेक जण सेटिंगमध्ये शोधत बसतात आणि सापडत नाही म्हणून सोडून देतात. स्क्रीनच्या वरच्या पट्टीत हिरवं कॅमेऱ्याचं चिन्ह येईल. त्यावर क्लिक केलं की यादीत `Reactions` दिसेल, ते बंद करा. मग स्वतःच दोन बोटं धरून दोन-तीन सेकंद थांबा. काही आलं नाही तर झालं.

रंकाळाकाठ

उपकार झाले. तसंच केलं आणि झूममध्ये खरंच थांबलं. पण मुलगी म्हणाली तिच्या क्लासचं मीट ब्राउझरमध्ये असतं, म्हणून तिथे बोटं धरून पाहिली, तर परत फुगे!

कॅमेऱ्यामागे

हो, हे सांगायचं राहिलंच. ते प्रत्येक ॲपला वेगळं लक्षात ठेवतं. झूमला बंद केलं म्हणजे क्रोमला बंद झालं असं नाही. ज्यात ज्यात मीटिंग घेता, त्यात एकेकदा कॅमेरा सुरू करून बंद करा. आयफोनवरून येणाऱ्यांनी मीटिंग चालू असताना कंट्रोल सेंटर उघडून व्हिडिओ इफेक्टमध्ये जावं, तिथे हेच सापडतं.

आणि यजमान म्हणून एक लक्षात ठेवा. झूमच्या खात्यातून रिॲक्शन सगळ्यांसाठी बंद करता येतात, पण हे कॅमेऱ्यातले फुगे त्याने थांबत नाहीत. ज्याचा त्याने आपापल्या यंत्रावरच थांबवायचे. म्हणून मौनाच्या वेळी मी सगळ्यांना कॅमेरे बंद करायला सांगतो आणि सरांचा फोटो, खाली 'दोन मिनिटे मौन' अशी एकच स्लाइड शेअर करतो. आवाज तुटणाऱ्यालाही कळतं, हाताची खूण करायची वेळच येत नाही.

अंगठ्यांचं म्हणाल तर झूमची रिॲक्शन साधारण दहा सेकंद राहते. म्हणून "आवाज येतोय का" विचारल्यावर मी मनात दहा आकडे मोजतो, अंगठे गेलेले बघतो आणि मगच निधनाचं वाक्य उच्चारतो. नाहीतर अशा सभेत एकालाच विचारायचं, "पुण्यातून ऐकू येतंय का?" तो तोंडाने हो म्हणेल.

कानाने_वाचते

मी स्क्रीन रीडर वापरते. मला फुगे दिसत नाहीत, पण रिॲक्शन ऐकू येतात, कारण माझ्याकडे त्या वाचून दाखवल्या जातात. आमच्या बँकेतल्या बाईंच्या निरोपाच्या मीटिंगमध्ये त्यांचा कंठ दाटून आला होता आणि माझ्या कानात एकामागून एक "अमुकने हृदय पाठवलं, तमुकने टाळ्या पाठवल्या" सुरू होतं. बाई काय बोलल्या ते मला आजही माहीत नाही. आता ते वाचन बंद केलं आहे, पण मग कोणी काय दाद दिली तेही कळत नाही. म्हणून माझी विनंती अशी की कोणी बोलत असताना काही पाठवू नका. बोलणं संपू द्या, मग एकदाच पाठवा.

शिवाजीपेठकर

हे कधी डोक्यातच आलं नव्हतं. मी तर प्रत्येक वाक्याला हृदय पाठवणारा माणूस. समोरच्याला धीर येतो असं वाटायचं.

कॅमेऱ्यामागे

धीर येतोच, त्यात खोटं नाही. सगळ्यांचे माइक बंद असले की बोलणाऱ्याला विहिरीत बोलल्यासारखं होतं. माझं म्हणणं एवढंच की शोकसभेत टाळी आणि रंगीत कागद उडवणाऱ्या नळीचं चित्र नको. हृदय चालेल.

निवृत्तबाई

मला नाही पटत. शोकसभेत हृदयसुद्धा नको. कुणाच्या घरी भेटायला गेलो तर आपण गप्प बसतो, तेच भेटणं असतं. पडद्यावर काही उडवलंच पाहिजे असं थोडंच आहे? बोलायचं असेल त्याने माइक उघडून दोन शब्द बोलावेत.

पण रंकाळाकाठ, तुम्हाला वेगळं सांगायचं आहे. त्या काकूंना तुम्ही भेटलात का? मेसेज करू नका. तुम्ही कोल्हापुरातच आहात, घरी जा. त्यांना वाटलं असेल की पोरांनी थट्टा केली, नाहीतर काहीच वाटलं नसेल. दोन्ही परिस्थितीत तुम्ही समोर बसून सांगितलेलं बरं.

रंकाळाकाठ

बाई, तुमचं वाचून काल संध्याकाळी जाऊन आलो. काकूंना लॅपटॉप दाखवला, तो फुग्यांचा प्रकार कुठे आणि कसा बंद केला तेही सांगितलं. त्या म्हणाल्या, "मला वाटलं त्या मुंबईच्या पोराने काहीतरी केलं." म्हणजे आठवडाभर त्यांच्या मनात दुसऱ्याच कुणाबद्दल गैरसमज होता. त्या मित्रालाही फोन केला. मग काकूंनी चहा ठेवला आणि सरांची भूमितीची वही काढून दाखवली. वर्तुळं अजून तशीच, कंपासने काढलेली, पेन्सिल जराही पुसट झालेली नाही.

रविवारसाठी असं ठरवलं आहे: कॅमेऱ्यामागे म्हणतात तशी फोटोची स्लाइड, बोलणं संपेपर्यंत कुणी काही पाठवायचं नाही, आणि मॅक-आयफोनवाल्या सहा जणांना मी आदल्या दिवशी एकेकट्याला कॉल करून ते बंद करून घेणार. बक्षिसाची रक्कम ठरली की टाळ्या चालतील, असं काकूंच्या मुलानेच सांगितलं.

एक अडकलंय. शोकसभेचं रेकॉर्डिंग मस्कतच्या दोघांना हवं आहे आणि फुगे त्यात आहेत. मौनाचा तेवढा भाग कापला तर चालेल, की काकूंना विचारून मगच हात लावावा?

कॅमेऱ्यामागे

फुगे चित्रातच मिसळलेले आहेत, वेगळे काढता येणार नाहीत. तेवढे सेकंद कापायचे किंवा त्यावर सरांचा फोटो ठेवायचा. फोटो ठेवलात तर आवाज तसाच ठेवा, म्हणजे मौनाची दोन मिनिटं पूर्ण राहतील.

निवृत्तबाई

आणि विचारा. रेकॉर्डिंग त्यांच्या घरचं आहे.

तांबडापांढरा

फोटो ठेवायचा झाला तर शाळेच्या गॅदरिंगमधला आहे माझ्याकडे, सर फळ्यापाशी उभे आहेत. आत्ता कळलं कुठल्या सरांबद्दल चाललंय. मी एक वर्ष मागच्या बॅचचा. कुठे पाठवू?