लाईट आली की फ्रीज लगेच का चालू करायचा नाही? (सोसायटी ग्रुपवरची चर्चा)

मेधा, बी ३०४: काल संध्याकाळी लाईटीने जो खेळ मांडला होता ना, तीनदा गेली तीनदा आली, तेव्हापासून आमचा फ्रीज थंडच करत नाहीये. आतला दिवा लागतो, पण मागून गुंऽऽ असा आवाज येतो, मग टक् आणि शांत, थोड्या वेळाने परत टक्, परत गुंऽऽ. मेकॅनिक फोनवरच म्हणाला कॉम्प्रेसर गेला, नवीन टाका. कुणाला काही माहिती आहे का?

सुनील, ए ५०१: परवा दोन तास लाईट नव्हती तरी आमच्या फ्रीजला काही झालं नाही. काल तर जेमतेम दहा-दहा सेकंद गेली असेल, त्याने काय होणार?

शिंदे काका, सी १०२: सुनील, दोन तास गेली म्हणूनच काही झालं नाही. दहा सेकंदवालीच वाईट. मेधा, तो फ्रीज अजून तसाच चालू आहे का? आधी प्लग काढ, मग पुढचं बोलू

मेधा, बी ३०४: रात्रभर चालूच होता काका 😟 आत्ता काढला

शिंदे काका, सी १०२: बरं केलंस. आता सगळ्यांसाठीच सांगतो, आमच्या रिपेअरिंगच्या दुकानात पावसाळ्यात निम्मी कामं हीच असायची. फ्रीज चालू असताना कॉम्प्रेसर गॅस दाबून मागच्या काळ्या जाळीत ढकलत असतो, तिकडे प्रेशर खूप जास्त असतं आणि परत येणाऱ्या पाईपात अगदीच कमी. लाईट गेली की पिस्टन थांबतो पण ते प्रेशर तिथेच अडकून राहतं, कारण दोन्ही बाजूंना जोडणारी नळी, कॅपिलरी, अगदी दाभणाएवढी बारीक असते, तिच्यातून गॅस हळूहळू झिरपून दोन्हीकडे सारखा व्हायला तीन ते पाच मिनिटं लागतात. घरगुती फ्रीजची मोटर मुळातच कमी ताकदीने सुरू होणारी असते, दोन्ही बाजू सारख्या झाल्यात असं धरूनच ती बनवलेली असते. त्याच्या आत लाईट आली तर मोटरला भरलेली हातगाडी चढावर उभी असताना एकदम ढकलायची असते, ती हलतच नाही, नुसती गुणगुणते. आणि मोटर फिरत नसली की करंट चढतो, एरवी जेमतेम एक अँपियर घेणारा फ्रीज तेव्हा पाच-सहा पट खेचतो, कधी त्याहूनही जास्त.

अस्मिता, बी ७०३: पण काका, थर्मोस्टॅट तर दिवसातून कितीदा तरी कॉम्प्रेसर बंद-चालू करतो की, तेव्हा कसं काय चालतं?

शिंदे काका, सी १०२: चांगलं विचारलंस. थर्मोस्टॅटने बंद केला की आत परत गरम होईपर्यंत तो चालू करतच नाही, आणि त्यात आरामात दहा-पंधरा मिनिटं जातात, तोवर प्रेशर सारखं झालेलं असतं. म्हणूनच तो नॉब शून्यावर नेऊन लगेच परत फिरवायचा नसतो, किंवा पुसायला प्लग काढला की लगेच घालायचा नसतो, तेही लाईटीच्या झटक्यासारखंच आहे.

आणि दुसरी भानगड रिलेची. कॉम्प्रेसरच्या अंगावर छोटा प्लास्टिकचा डबा असतो, त्यात पीटीसी रिले असतो, आत नाण्याएवढी चकती. ती गार असताना स्टार्टिंगच्या वाइंडिंगला करंट जाऊ देते, मोटर फिरली की तापून तो जवळजवळ बंद करते आणि फ्रीज चालू असेपर्यंत गरमच राहते. लाईट दहा सेकंदात परत आली तर चकती गरमच, म्हणजे स्टार्टिंगला करंटच मिळत नाही, वर समोर प्रेशर, मग मोटर सुरू कशी होणार. तिलाही गार व्हायला काही मिनिटं लागतातच. मेधाला जो टक् ऐकू येतो तो ओव्हरलोडचा, मोटर जळू नये म्हणून तो तापून लाईन तोडतो, गार झाला की परत जोडतो, म्हणून परत टक्. त्याने वाचवलं तरी दर खेपेला वाइंडिंग तापतंच, रात्रभर असं झालं तर कधीतरी इन्सुलेशन जळतं आणि मग खरंच कॉम्प्रेसर जातो.

मेधा, बी ३०४: म्हणजे माझा गेला??

शिंदे काका, सी १०२: फोनवरून कुणालाच सांगता येणार नाही. चांगला तासभर गार होऊ दे, मग लाव. तरी तेच झालं तर मेकॅनिकला घरी बोलव आणि त्याला सांग आधी रिले काढून कानाशी हलव, आत खुळखुळ वाजलं तर चकती फुटली. मग मीटरने कॉम्प्रेसरच्या तिन्ही पिनांमधला रेझिस्टन्स तपासायचा, कॉमन ते रनिंग सगळ्यात कमी, कॉमन ते स्टार्टिंग त्याहून जास्त आणि रनिंग ते स्टार्टिंग म्हणजे त्या दोघांची बेरीज, समज १५ आणि २५ ओहम आले तर तिसरं ४० च्या आसपास यायला हवं. बेरीज जुळली आणि कुठलीही पिन बॉडीला लागत नसली तर वाइंडिंग शाबूत आहे. रिले-ओव्हरलोडचा सेट काही शेकड्यात होतो, कॉम्प्रेसर म्हणजे गॅससकट हजारांत. हे तपासल्याशिवाय हो म्हणू नकोस. स्वतः डबा उघडू नका मात्र कोणी.

राजन, सेक्रेटरी: काका, आपल्याकडे तर डीजी जनरेटर आहे, मग पण हे होतं?

शिंदे काका, सी १०२: उलट दुप्पट होतं राजन. लाईट गेली की दहा-पंधरा सेकंदांनी डीजी लोड घेतो, हा एक झटका, लाईट आली की पॅनल परत शिफ्ट करतं, हा दुसरा. शिवाय परत येताना सगळ्यांचे एसी, पंप एकदम ओढतात आणि व्होल्टेज खाली बसतं. २३० चं १८० झालं तर मोटरची सुरू व्हायची ताकद साठ टक्क्यांवर येते. पॅनलमध्ये मेन्स परत आल्यावर किती वेळ थांबून शिफ्ट करायचं त्याचा टायमर असतो, तो फार कमी ठेवलाय का बघून घे, निदान लाईट ये-जा करत असताना सारखं इकडून तिकडे होणार नाही. पण तो क्षणाचा गॅप राहणारच.

ओंकार, ए २०२: मग उपाय काय? स्टॅबिलायझर?

शिंदे काका, सी १०२: टाइम डिलेवाला प्रोटेक्टर किंवा टाइम डिले असलेला स्टॅबिलायझर. साध्या जुन्या स्टॅबिलायझरमध्ये डिले नसतो, तो लाईट आली की लगेच पुढे देतो. डिलेवाला लाईट आल्यावर साधारण तीन मिनिटं थांबतो, मधेच परत गेली तर मोजणी पहिल्यापासून. काही मॉडेल हुशार असतात, लाईट किती वेळ नव्हती ते धरतात आणि तासाभराने आली असेल तर उगाच थांबवत नाहीत. बहुतेकांत व्होल्टेज फार कमी-जास्त झालं तर तोडायचंही असतं. पण प्रोटेक्टर फक्त तोडतो, कमी व्होल्टेज वाढवून देत नाही, त्यासाठी स्टॅबिलायझरच लागतो. आणि वीज कडाडून झटका आला तर यातलं काहीच भरवशाचं नाही, प्लग काढणं बरं.

एक गंमत लक्षात ठेवा, हा लावला की त्या तीन मिनिटांत आतला दिवाही लागत नाही. मग घरातले म्हणतात फ्रीज बिघडला आणि बटण खालीवर करत बसतात, दर वेळी टायमर पहिल्यापासून!

अस्मिता, बी ७०३: 😂 आमच्या सासूबाई सेम. डिले खरा आहे की नुसता डब्यावर छापलाय ते कसं कळेल?

शिंदे काका, सी १०२: फ्रीजऐवजी टेबल लॅम्प लाव, भिंतीवरचं बटण बंद-चालू कर आणि घड्याळ बघ. लगेच पेटला तर दुकानदाराला परत दे.

सुनील, ए ५०१: आमचा इन्व्हर्टर कॉम्प्रेसरवाला आहे, त्यालाही लागतो का?

शिंदे काका, सी १०२: त्याच्यात रिले-बिले नसतो, बोर्ड मोटर हळूहळू उचलतो आणि बहुतेकांत थांबायची वेळही बोर्डच धरतो. वेगळा डिले सहसा लागत नाही, तरी पुस्तिकेत काय लिहिलंय ते बघ. हे सगळं साध्या कॉम्प्रेसरवाल्यांसाठी. ज्यांना आज विकत घ्यायचा नाही त्यांनी लाईट गेली की फ्रीजचं बटण बंद करायचं आणि आल्यावर पाच मिनिटांनी लावायचं, पण घरात माणूस हवं.

मेधा, बी ३०४: अपडेट. तासाभराने लावला तरी तेच गुंऽऽ टक्, मग दुसऱ्या मेकॅनिकला बोलावलं. काका, रिले हलवला तर खरंच खुळखुळ वाजला! पिना मोजल्या, बेरीज जुळली. रिले आणि ओव्हरलोड नवीन टाकले, फ्रीज चालू झालाय, आत्ता बर्फाचा ट्रे लावला.

राजन, सेक्रेटरी: डीजीवाल्याला विचारलं, पॅनलचा टायमर दहा सेकंदांवर होता, तीन मिनिटं करायला सांगितलंय. प्रोटेक्टर कोणाकोणाला हवेत, फ्लॅट नंबर टाका, एकदम घेतले तर दुकानदार काही कमी करतो का बघतो.

ओंकार, ए २०२: ए २०२, एक

अस्मिता, बी ७०३: बी ७०३. पण राजनदादा, घेताना दुकानातच लॅम्प लावून बघा हं