मदत हवी आहे: ऑक्टोपस, स्क्विड की कटलफिश? फोटोवरून कसं ओळखायचं?

ऐरोलीकर_७: सोसायटीतले आम्ही बाराजण मिळून दर रविवारी दिवाळ्याहून मासळी मागवतो. मावशी सकाळी फोटो पाठवतात, मी नावं टाकून ग्रुपवर चढवतो. गेल्या खेपेला मी एका फोटोखाली "स्क्विड" लिहिलं, आणि चौथ्या मजल्यावरच्यांना रिंग्ज करायला जाड चपट्या वड्या मिळाल्या. अजून टोमणे चालू आहेत. आजचे तीन फोटो खाली देतोय. दुसऱ्यात आठच पाय दिसतायत, म्हणजे ऑक्टोपस ना? सहापर्यंत यादी द्यायचीय, पटकन सांगा.

खाडीवाला: अख्खे आहेत की साफ केलेले? पाठ वर आहे की पोट? पाय मोजणं आधी सोडा.

सीमा_ठाणे: शाई निघत असेल तर हळद-मीठ लावून दहा मिनिटं ठेवा, मग धुवा. आमच्याकडे म्हाकुळाचं सुकं असंच करतात, वास अजिबात राहत नाही.

ऐरोलीकर_७: ताई, शिजवायचं नंतर बघू, आधी नाव हवंय. अख्खेच आहेत. पाठ-पोट मला काय कळणार? दुसरा लंबगोल आहे, फिकट, पसरट. कडेने झालर असल्यासारखं दिसतंय.

घारापुरी_गडी: झालर अंगभर फिरली की कटलफिश. शेपटीकडे त्रिकोणी पंख असले की स्क्विड. विषय संपला.

खाडीवाला: बहुतेक वेळा बरोबर, पण विषय संपला नाही. रामेश्वरमच्या बाजारात मी असा स्क्विड पाहिलाय ज्याचे पर जवळजवळ अंगभर असतात. नुसती झालर बघितली तर कटलफिशच म्हणाल. फरक आतल्या कवचात. स्क्विडच्या पाठीत पारदर्शक, लवचिक पात असते, प्लास्टिकच्या पट्टीसारखी. कटलफिशच्या पाठीत पांढरं, चुन्याचं, होडीच्या आकाराचं कवच असतं. ते फोटोत दिसत नाही, म्हणून मावशींना पाठीवर बोट दाबून बघायला सांगा. कडक लागलं तर कटलफिश.

ऐरोलीकर, तुमच्या दुसऱ्या फोटोत आठ पाय दिसतायत कारण कटलफिश आपले शिकार पकडायचे दोन लांब पाय डोक्याजवळच्या खोबणीत आत ओढून घेते. स्क्विडचे लांब पाय तर जाळ्यात किंवा बर्फात तुटतातही. म्हणजे आठ दिसले म्हणून ऑक्टोपस ठरत नाही. बाजारातल्या ऑक्टोपसच्या अंगाला झालर नसतेच. डोक्यामागे गोल, मऊ पिशवी असते आणि दाबून कवच लागत नाही.

पोपटप्रेमी_कळवा: ते पांढरं कवच म्हणजे समुद्रफेन! आमच्या बजरीगारच्या पिंजऱ्यात टांगलेलं असतं, चोच घासायला. मासळीवालीकडून फुकट मिळालं तर धुऊन चालेल का? दुकानात महाग देतात.

घारापुरी_गडी: चालेल, पण खारटपणा जाईपर्यंत पाण्यात ठेवा आणि कडक उन्हात वाळवा. आणि खाडीवाले, रामेश्वरमचं इथे कशाला? आमच्या बंदरावर दोघांनाही म्हाकुळच म्हणतात. निमुळत्याला नळ म्हाकुळ. मावशींनी तेच म्हटलं असणार, घोळ नावाचा आहे.

खाडीवाला: नावाचा घोळ आहेच, म्हणून तर फोटोखाली नुसतं "म्हाकुळ" नको. पण वड्यांची गोष्ट वेगळी. स्क्विडचं डोकं ओढलं की आतलं सगळं निघतं, नळी अख्खी राहते, तिच्या रिंग्ज पडतात. कटलफिशचं कवच काढायला पाठ चिरावी लागते, मग मांस जाड पत्र्यासारखं उघडतं. त्याच्या पट्ट्या किंवा वड्याच होणार. चौथ्या मजल्यावरच्यांना कोणी फसवलं नाही, त्यांना कटलफिश मिळाली.

ऐरोलीकर_७: अरे बापरे, म्हणजे चूक माझीच. मावशींना फोन केला. दुसऱ्याची पाठ कडक आहे. पहिला निमुळता, मागच्या टोकाला समभुज पतंगासारखे पर, पाठ मऊ. म्हणजे पहिला स्क्विड, दुसरा कटलफिश. तिसरा?

खाडीवाला: तिसऱ्याची कातडी काढलीय, डोकंही नाही. कातडीबरोबर पर ओढले जातात, म्हणून आकारावर जाऊ नका. आणि रंगावर तर नकोच, कातडी गेली की सगळेच पांढरे.

सीमा_ठाणे: माझ्या मते ऑक्टोपस, जाड दिसतोय.

खाडीवाला: ताई, ऑक्टोपसचं खातात ते मुख्यतः पाय, इथे पायच नाहीत. नळी अखंड आहे की चिरलेली, ते फोटोत कळत नाही. एक उघडून दाखवा म्हणावं.

ऐरोलीकर_७: मावशी फोन उचलत नाहीत, गिऱ्हाईक असेल. तिसऱ्याला "म्हाकुळ, कुठलं ते विचारून सांगतो" असं लिहून यादी टाकतोय. चौथ्या मजल्यावरच्यांना फक्त पहिला.