शब्दचर्चा : 'टक्क्यांनी' की 'टक्क्यांवर'?

विद्यार्थिनी, इस्लामपूर: बी.कॉम.च्या सराव पेपरात हळद पावडरच्या कारखान्याचं उदाहरण होतं. 2021-22 ची विक्री 40 लाख, 2022-23 ची 50 लाख, 2023-24 ची 60 लाख. पहिल्या वर्षी पगार 6 लाख, शेवटच्या वर्षी 7.2 लाख. कॉमन साइजमध्ये पगार 15 वरून 12 आला, म्हणून मी 'पगार 3 टक्क्यांनी कमी झाला' असं लिहिलं. सरांनी त्यावर काट मारली. आकडे बरोबर आहेत, मग वाक्यात काय चुकलं?

निवृत्त शिक्षक, सांगली: बाळ, पगार कमी झालेलाच नाही. 6 लाखांचे 7.2 लाख झाले, म्हणजे 20 टक्क्यांनी वाढ झाली. कॉमन साइजमध्ये दरवर्षीची विक्री 100 धरतात, त्यामुळे तो तक्ता फक्त वाटा सांगतो. विक्री 50 टक्क्यांनी वाढली आणि पगार 20 टक्क्यांनीच वाढला, म्हणून वाटा आकसला. 'विक्रीतला पगाराचा वाटा 15 टक्क्यांवरून 12 टक्क्यांवर आला' असं लिहायचं. 'वाटा' हा शब्द गाळला की वाक्य खोटं ठरतं.

लेखापाल, मिरज: सर, 'वाटा' लिहिला की 'वाटा 3 टक्क्यांनी घटला' हे चालायला हरकत नाही. फेब्रुवारी 2025 मध्ये रेपो दर 6.50 वरून 6.25 झाला, तेव्हा सगळ्या पेपरांत 'पाव टक्का कपात' असंच छापून आलं होतं.

निवृत्त शिक्षक, सांगली: बातमीत चालतं, कारण वाचणाऱ्याला दर ठाऊक असतो. उत्तरपत्रिकेत शेजारी दुसरा तक्ताही असतो. 15 चे 12 झाले, तर 15 च्या मानाने ती 20 टक्के घट आहे. पगाराच्या रकमेतली वाढही 20 टक्केच. तपासणाऱ्याने कोणतं धरायचं? 'वरून' आणि 'वर' लिहिलं की गोंधळाला जागाच उरत नाही. आता ट्रेंड बघ. त्यात 2021-22 पायाभूत, म्हणजे विक्री 100, 125, 150. मुलं लिहितात, 'शेवटच्या वर्षी विक्री 150 टक्क्यांनी वाढली.' 150 *वर* गेली, 50 *नी* वाढली.

विद्यार्थिनी, इस्लामपूर: मग 125 वरून 150 म्हणजे त्या वर्षात 25 टक्के वाढ ना?

निवृत्त शिक्षक, सांगली: नाही. 50 लाखांवर 10 लाख वाढले, म्हणजे 20 टक्के. ते 25 पहिल्या वर्षाच्या 40 लाखांच्या मापाने आहेत. ट्रेंडमधल्या दोन आकड्यांची नुसती वजाबाकी करून त्याला वार्षिक वाढ म्हणू नकोस.

लेखापाल, मिरज: त्याच उदाहरणात मालाचा खर्च 24 लाखांवरून 39 लाखांवर गेला आहे का? आमच्याकडेही तोच कागद फिरतोय. असेल तर खरी गोम तिथं आहे. विक्री 150 वर आणि माल 162.5 वर. वाटा 60 वरून 65 वर. नफा 6 लाखांवरून 7.8 लाखांवर, म्हणजे रक्कम 30 टक्क्यांनी वाढली, पण नफ्याचा वाटा 15 वरून 13 वर उतरला. हे सगळं हळदीचे भाव चढल्यामुळे झालं.

निवृत्त शिक्षक, सांगली: निष्कर्ष आवडला, कारण मात्र तक्त्यात नाही. भाव चढले असतील, विक्रीदर उतरवावा लागला असेल किंवा दळताना तूट जास्त आली असेल. प्रश्नात भावाचा उल्लेख नसेल तर 'माल महागला असावा किंवा विक्रीदर त्या प्रमाणात वाढले नसावेत' इतकंच लिहावं. पगाराचा वाटा उतरला म्हणून नफ्याची पडझड थोडक्यात आवरली, हे मात्र ठामपणे लिहिता येतं.

किराणा दुकानदार, सांगली: बँकेला आमचा ट्रेंड द्यायचाय, म्हणून विचारतो. 2019 च्या महापुरात दुकानात पाणी होतं. 2019-20 ची विक्री 18 लाखांवर आली. 2022-23 ला 27 लाख झाली. म्हणजे 150 वर. चांगलं दिसतंय, देऊ का?

निवृत्त शिक्षक, सांगली: 2018-19 ला किती होती?

किराणा दुकानदार, सांगली: 30 लाख.

निवृत्त शिक्षक, सांगली: मग ते वर्ष पाया धरलं तर तुम्ही 90 वर आहात, पुराआधीच्या पातळीच्या अजून खाली. दादा, बँकेला दोन्ही दाखवा आणि पुराचं वर्ष कोणतं ते तळाशी लिहा. पाया पडलेल्या वर्षाचा असला की पुढचं प्रत्येक वर्ष उंच दिसतं.

विद्यार्थिनी, इस्लामपूर: परीक्षेत पायाभूत वर्ष प्रश्नातच दिलेलं असतं. ते असं पडलेलं दिसलं तर बदलायचं का?

निवृत्त शिक्षक, सांगली: बदलू नकोस, सांगितलंय तेच धर. शेरा मात्र एका ओळीत लिही.

लेखापाल, मिरज: 'वाटा 3 टक्के अंकांनी घटला' असं लिहिलं तर? आम्ही ऑफिसात तेच लिहितो.

निवृत्त शिक्षक, सांगली: अर्थ अचूक आहे. पण प्रत्येक परीक्षकाला तो शब्द परिचयाचा असेलच असं मला वाटत नाही. मी 'वरून-वर' लाच चिकटून राहीन.

लेखापाल, मिरज: मी 'टक्के अंक' सोडणार नाही. मोठ्या तक्त्यात प्रत्येक ओळीला 'वरून-वर' लिहायचं म्हणजे वाचणारा दमतो.