मदत हवी आहे: यूपीआयने पैसे कापले, पण दुकानाची ऑर्डर फेल. पैसे कोणाकडे मागायचे?

ऋतुजा_सांगली
शुक्रवारी रात्री एका ऑनलाइन दुकानातून मिक्सर मागवला, ४,३४९ रुपये. यूपीआयने पैसे भरले, पिन टाकला, बँकेचा कापल्याचा मेसेज आला आणि दुकानाच्या पानावर Payment Failed. आज सोमवार. बँक म्हणते दुकानाला विचारा, दुकान म्हणतं आमच्याकडे पैसे आलेच नाहीत. आईचा मिक्सर बंद पडलाय, मला दुसरा लगेच मागवायचाय. पैसे परत कधी येतील? पुन्हा भरू का?

बँकेतला_निवृत्त
घाबरू नका. रिझर्व्ह बँकेचं २०१९चं परिपत्रक आहे. कापलेले पैसे दुसऱ्या दिवशीपर्यंत आपोआप परत आले पाहिजेत, नाहीतर बँक रोजचे १०० रुपये भरपाई देते. शाखेत लेखी अर्ज द्या, पोच घ्या.

हिशेबनीस
अर्जाआधी एक सांगा ताई. तुमच्या यूपीआय अॅपमध्ये त्या व्यवहारासमोर आत्ता काय लिहिलंय? Pending, Failed की Successful? बँकेचा मेसेज नको, अॅपमधली नोंद उघडून बघा.

मनोज_चिपळूण
माझंही असंच झालं होतं. भावाला पाठवायचे पैसे चुकून दुसऱ्याच नंबरवर गेले. तो माणूस फोनच उचलत नव्हता. शेवटी बँकेत तक्रार केली, तरी अजून अर्धवटच आहे. कोणाला उपाय माहीत असेल तर सांगा.

हिशेबनीस
मनोज, तुमची गोष्ट वेगळी आहे. तुमचे पैसे एका माणसाच्या खात्यात नीट पोचलेत, त्याची संमती लागेल. स्वतंत्र धागा काढा, इथे दोन्ही मिसळतील.

ऋतुजा_सांगली
अॅपमध्ये Successful लिहिलंय. शुक्रवारी रात्री मात्र पिवळं चिन्ह आणि Pending होतं, शनिवारी सकाळी हिरवं झालं. याने काय फरक पडतो? पैसे तर गेलेच.

हिशेबनीस
यानेच सगळा फरक पडतो. मी एका ऑनलाइन दुकानाच्या हिशेब विभागात आहे, पेमेंट गेटवे म्हणजे दुकानासाठी ऑनलाइन पैसे घेणारी मधली कंपनी, तिच्याशी हिशेबाची जुळवणी करणं हेच माझं रोजचं काम, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुम्ही पिन टाकलात की आधी तुमची बँक पैसे कापते. मग यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयमार्फत निरोप समोरच्या बँकेकडे जातो, ती दुकानाच्या बाजूला जमा करते आणि जमा झाल्याचं उत्तर त्याच वाटेने परत येतं. शुक्रवारी हे उत्तर वेळेत आलं नाही. अशा वेळी तुमचे पैसे लगेच उलटवता येत नाहीत, कारण समोर खरंच जमा झाले असतील तर दुकानाचं नुकसान होईल. म्हणून व्यवहार Pending राहतो आणि बँकांची जुळवणी झाली की खरं काय ते कळतं.

दुकानाचं पान मात्र तेवढं थांबत नाही. त्यावर काही मिनिटांचं घड्याळ असतं. ते संपलं की ऑर्डर फेल म्हणून बंद होते आणि मिक्सर दुसऱ्या गिऱ्हाइकासाठी मोकळा होतो. तुमचे पैसे ऑर्डर मेल्यानंतर पोचले. अॅपमध्ये हिरवं झालं याचा अर्थ ते आता तुमच्या बँकेत अडकलेले नाहीत, दुकानाच्या गेटवेकडे आहेत. म्हणून बँक खरं बोलतेय.

ऋतुजा_सांगली
मग दुकान खोटं बोलतंय का?

हिशेबनीस
बहुतेक नाही. फोनवरची मुलगी ऑर्डर क्रमांक टाकून शोधते, आणि त्या ऑर्डरसमोर पैसे दिसतच नाहीत, कारण ती आधीच बंद झाली. तुम्ही अॅपमधली नोंद उघडा, तिथे यूटीआर म्हणजे त्या व्यवहाराचा १२ आकडी क्रमांक दिसेल. तो, रक्कम, तारीख, वेळ आणि हिरव्या खुणेचा स्क्रीनशॉट दुकानाला ईमेल करा. ईमेलमध्ये स्पष्ट लिहा: "ऑर्डर क्रमांकावरून शोधू नका, गेटवेच्या खात्यात या यूटीआरवरून शोधा." आमच्याकडे अशा निम्म्या तक्रारी या एका वाक्याने सुटतात. सापडल्यावर एक तर ते ऑर्डर जिवंत करतील किंवा परतावा देतील. दुसरी ऑर्डर त्यांच्या उत्तरानंतरच करा, नाहीतर घरात दोन मिक्सर यायचे.

समीर_ठाणे
एवढा व्याप कशाला? गूगलवर दुकानाचा कस्टमर केअर नंबर शोधा आणि फोन करा.

सई_नाशिक
समीर, कृपया असा सल्ला देऊ नका. माझ्या सासऱ्यांना असाच शोधलेला नंबर लागला. त्याने "रिफंडसाठी पिन टाका" म्हणून सांगितलं आणि पैसे गेले. ऋतुजा, नंबर फक्त दुकानाच्या अॅपमधून किंवा बिलावरून घे. पैसे येताना पिन कधीच लागत नाही. फसवणूक झालीच तर लगेच सायबर हेल्पलाइन १९३०.

बँकेतला_निवृत्त
हिशेबनीस, तुम्ही बँकेला सोडून देताय. दुसऱ्या दिवसाची मुदत उलटली, भरपाई लागू आहे.

हिशेबनीस
काका, परिपत्रक तुम्ही बरोबर सांगितलंत, मुदत वेगळी आहे. एका खात्यातून दुसऱ्या खात्यात पाठवलेल्या पैशांना व्यवहाराचा दिवस अधिक १. दुकानाला दिलेल्या पैशांना अधिक ५. शुक्रवारचा व्यवहार म्हणजे बुधवारपर्यंत वाट बघायची, रविवारही त्यात धरायचा. आणि हे तेव्हाचं, जेव्हा पैसे वाटेतच अडकलेत. इथे व्यवहार पूर्ण झालाय.

बँकेतला_निवृत्त
परिपत्रकात "दुकानाला व्यवहाराची खात्री मिळाली नाही" असेच शब्द आहेत. ताईंच्या दुकानाला शुक्रवारी खात्री मिळालीच नाही. मग लागू का नाही?

हिशेबनीस
तुमचा मुद्दा टाकाऊ नाही. बँका मात्र "व्यवहार यशस्वी" दाखवून हात वर करतात, हे मी रोज बघतो. ताईंनी बँकेकडेही अॅपमधून तक्रार नोंदवून ठेवावी, तक्रार क्रमांक जपावा. ३० दिवसांत उत्तर नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, cms.rbi.org.in वर. पण तो बँकेसाठी. दुकान हटून बसलं तर ग्राहक हेल्पलाइन १९१५.

मनोज_चिपळूण
म्हणूनच मी माल हातात आल्यावर रोख देतो.

ऋतुजा_सांगली
काल रात्री यूटीआर टाकून ईमेल केला होता, दुपारी उत्तर आलं. पैसे सापडले! पण तो मिक्सर संपला म्हणून परतावा सुरू केलाय, ५ ते ७ कामाचे दिवस लागतील म्हणतात. अॅपमध्ये मात्र अजून Successful च दिसतंय, परताव्याचं काहीच नाही.

हिशेबनीस
ती जुनी नोंद बदलणार नाही. परतावा हा वेगळा व्यवहार असतो, त्याला वेगळा क्रमांक. काही अॅपमध्ये तो दिसतच नाही, बँकेच्या पासबुकात ४,३४९ जमा अशी ओळ शोधा. दुकानाकडून परताव्याचा संदर्भ क्रमांक आजच मागून घ्या. पैसे आले नाहीत तर बँकेला तोच दाखवायचा, जुना यूटीआर नाही.

बँकेतला_निवृत्त
आणि ज्या खात्यातून कापले त्याच खात्यात येतील, दुसरं खातं तपासत बसू नका. भरपाईच्या मुद्द्यावर मी माझ्या मतावर ठाम आहे. लोकपालाकडे असा खटला कोणी नेला असेल तर इथे जरूर लिहा.

ऋतुजा_सांगली
संदर्भ क्रमांक मागितलाय. मिक्सर इथल्याच दुकानातून आणते आता. सात दिवसांत जमा झाले नाहीत तर काकांचा मार्ग धरते, काय होतं ते लिहीन.