मदत हवी आहे: भाडं भरलंय, घरमालकांना मेसेज कसा लिहू?

जूनचं भाडं मी 5 तारखेलाच आयएमपीएसने टाकलं, तरी काका म्हणतात आलंच नाही, डिपॉझिटमधून कापतो, आणि त्यावरून काल फोनवर चांगलीच वादावादी झाली. त्यांची खाती दोन आहेत, करारात दिलेल्या खात्यात पैसे गेलेत, ते बहुतेक दुसरंच पासबुक बघतायत. हा मेसेज पाठवू का?

"काका नमस्कार, काल आवाज चढला त्याबद्दल सॉरी. जूनचं भाडं 18,000 रुपये 5 जून 2025 ला करारातल्या खात्यात जमा केलंय, रेफरन्स नंबर 515611482093. त्या खात्याच्या स्टेटमेंटमध्ये हाच नंबर दिसेल. मिळाल्याचं इथेच लिहून कळवा."

फक्त स्क्रीनशॉट पुरतो की बँकेचं स्टेटमेंटही जोडू?