हायड्रोनेफ्रोसिसला घरात काय म्हणायचं? सूज, तुंब की आणखी काही?

उंबरठा:
आईचा सोनोग्राफीचा रिपोर्ट तिला समजावून सांगताना माझी पार गोची झाली, म्हणून इथे आलो. आई ६४ वर्षांची, कराडजवळच्या गावी असते. गेल्या आठवड्यात उजव्या कुशीतून जांघेपर्यंत अशी कळ आली की ती जमिनीवर लोळली. रिपोर्टची शेवटची ओळ अशी : 'उजव्या व्हीयूजेला ६ मिमीचा कॅल्क्युलस, त्यामुळे माइल्ड हायड्रोयूरेटरोनेफ्रोसिस.' डॉक्टर घाईत होते. "मूतखडा आहे, किडनीला सूज आलीये" एवढं बोलून त्यांनी पुढचा पेशंट घेतला.

त्या 'सूज'ने घोळ केला. शेजारच्या काकूंच्या किडनीला सूज होती तेव्हा त्यांचं तोंड सुजायचं आणि मीठ बंद झालं होतं. आईने त्याच संध्याकाळी भाकरीतलं मीठसुद्धा काढलं. मी फोनवर म्हटलं, अगं ती सूज वेगळी, तुझ्या किडनीत लघवी तुंबलीये. तर म्हणते, "तुंबली कशी? रात्रीतून सहा वेळा उठते मी." ह्यावर मला उत्तर सुचलं नाही. एक असा मराठी शब्द सांगा की मीठही बंद होणार नाही आणि आई माझं बोलणं खोटंही पाडणार नाही.

शुद्धमती:
शब्द आहे की! जलवृक्क. हायड्रो म्हणजे जल, नेफ्रॉस म्हणजे वृक्क. आपल्याकडे जलोदर आहे, त्याच घडणीचा शब्द. 'किडनी किडनी' करत बसायचं आणि मग मराठीत शब्द नाहीत म्हणून रडायचं, हे बरं नाही. वृक्क तर शाळेच्या पुस्तकातही आहे.

जुना_कारकून:
शाळेच्या पुस्तकात आहे आणि तिथेच राहिलाय. आमच्याकडे वृक्क म्हटलं तर लोक वृक्ष समजतात. उंबरठा, तुम्ही उगाच काळजी करताय. रिपोर्टात 'माइल्ड' लिहिलंय ना? म्हणजे खडा बारीक आहे आणि किडनी सुखरूप आहे. आईंना सांगा, 'थोडीशी सूज' आहे. शब्द बदलायची गरज नाही, पुढे 'थोडीशी' लावलं की झालं.

पानफुटी:
आमच्या सासूबाईंना कुळथाचं कढण रोज सकाळी दिलं, तीन आठवड्यांत खडा पडला. सोबत पानफुटीची दोन पानं. आईंना कुळीथ चालतात का?

उंबरठा:
@पानफुटी, चालतात, ती पिठलं आवडीने खाते. पण मी शब्द विचारतोय हो.

सोनोवाली:
मी बावीस वर्षं सोनोग्राफीच करते, त्यामुळे ह्या शब्दाशी रोजची गाठ आहे. आधी कारकूनकाकांचं. माइल्ड हे खड्याचं माप नाही. किडनीच्या आत लघवी गोळा होणारं एक नरसाळं असतं, ते किती ताणलंय एवढंच तो शब्द सांगतो. नुसतं नरसाळं आणि त्याच्या फांद्या जरा रुंदावल्या तर माइल्ड. फांद्यांची टोकं गोल फुग्यासारखी झाली तर मॉडरेट. बाहेरचा किडनीचा गर दाबून पातळ झाला असेल तर सिव्हिअर. खडा केवढा आहे ह्याचा त्याच्याशी थेट संबंध नाही. १५ मिमीचा खडा किडनीच्या एका कोपऱ्यात वर्षानुवर्षं निवांत पडून असतो आणि नरसाळं अगदी सडपातळ असतं. उलट ४ मिमीचा खडा नळीच्या तोंडाशी अडकून सगळं ताणून ठेवतो. आणि कळ सुरू होऊन तासदोन तासच झाले असतील तर ताण कधी कधी दिसतच नाही, तरी माणूस तडफडत असतो.

आता आईंचा प्रश्न. त्या खोटं बोलत नाहीयेत आणि तुम्हीही नाही. व्हीयूजे म्हणजे नळी मूत्राशयात शिरते ती जागा. खडा तिथे अडकला की वरचं सगळं तुंबतं, पण मूत्राशयाला मात्र तो सारखा टोचतो, म्हणून दर तासाला जावंसं वाटतं. वर डावी किडनी धडधाकट आहे, ती आपलं काम करतेय. म्हणून लघवी होतेय. 'लघवी तुंबली' म्हटलं की आपल्या भाषेत मूत्राशय भरलंय आणि बाहेर येत नाही असाच अर्थ होतो. तो प्रोस्टेटवाल्या आजोबांचा त्रास. मागे एका पेशंटने फोनवर 'तुंबलीये' सांगितलं, तर समोरच्याने थेट कॅथेटर घालायची तयारी केली होती.

शुद्धमती:
म्हणजे 'तुंबणे' बाद. जलवृक्कच बरा.

सोनोवाली:
जलवृक्कातही अडचण आहे. 'किडनीत पाणी झालंय' म्हणून लोक येतात, त्यातल्या निम्म्यांना सिस्ट असते. ती पाण्याची बंद पिशवी, तिचा अडथळ्याशी काही संबंध नाही. जल म्हटलं की साठलेलं पाणी डोळ्यांपुढे येतं, अडलेलं नाही.

वैद्यबुवा:
आयुर्वेदात ह्याला मूत्रकृच्छ्र म्हणतात. अश्मरीमुळे होणारं.

शुद्धमती:
बुवा, मूत्रकृच्छ्र म्हणजे लघवीला त्रास होणं, जळजळ, थेंबथेंब. अडथळ्याचा म्हणायचा तर मूत्राघात. आणि तो तरी मूत्राशयाचाच जास्त. दोन्हीत किडनी कुठेय?

वैद्यबुवा:
अश्मरी तरी बरोबर आहे ना?

जुना_कारकून:
अश्मरी, काश्मिरी. मूतखडा म्हणा की सरळ.

कृष्णाकाठ:
सांगलीचा आहे, म्हणून मला एकच शब्द आठवतो : फुगवटा. धरणाचे दरवाजे बंद केले की पाणी मागे मागे सरकतं, ओढ्यानाल्यांत घुसतं, नदीचं पात्र रुंद होतं. पाणी पुढे जायचं थांबतं आणि मागचं फुगतं. त्याला आमच्याकडे फुगवट्याचं पाणी म्हणतात. पेपरातही तोच शब्द असतो. तुमच्या आईंच्या उजव्या किडनीला फुगवटा आलाय. धरण म्हणजे तो ६ मिमीचा खडा.

सोनोवाली:
अहो, हा तर नेमका बसतो! शब्दात सूजही नाही आणि पाणीही नाही. अडथळा खाली असतो आणि फुगतं वर, हे ऐकणाऱ्याला आपोआप कळतं. रिपोर्टातल्या त्या लांबलचक शब्दात हायड्रो आणि नेफ्रोसिसच्या मधोमध 'यूरेटरो' आहे, म्हणजे नळीही फुगलीये. नदी आणि ओढा दोन्ही. खडा जर किडनीच्या दारातच अडकला असता तर नळी सडपातळ राहिली असती, फक्त किडनी फुगली असती. तुमच्या आईंचा खडा किडनीच्या दारातून खाली उतरलाय, हे त्या एका शब्दावरूनच कळतं.

आणखी एक गंमत. आम्ही सोनोग्राफीआधी पाणी पाजून लघवी रोखायला सांगतो. मूत्राशय टम्म भरलं की कधी कधी दोन्ही किडन्यांना थोडा फुगवटा दिसतो, खडा नसताना. मग पेशंटला लघवीला पाठवायचं आणि परत बघायचं. ओसरला तर तो धरणाचा नव्हता, भरतीचा होता. गरोदर बायकांमध्येही दिसतो, आणि उजवीकडे जास्त.

शुद्धमती:
फुगवटा म्हणजे कुठल्याही फुगलेल्या भागाला. भिंतीला फुगवटा येतो, आकडेवारीत फुगवटा असतो. रोगाचं नाव एवढं सैल असून चालेल?

कृष्णाकाठ:
'सूज' तरी कुठे घट्ट आहे? पायाला मुरगळल्यावर सूज, दाढेला सूज, आणि किडनीलाही सूज.

जुना_कारकून:
तुंबणे हा शब्द तुंबा ह्या भोपळ्यावरून आलाय, हे कोणाला माहीत आहे का? फुगलेला तुंबा, म्हणून तुंबणे. त्यात फुगणं आणि अडणं दोन्ही आलं. तेव्हा तुंब हाच खरा शब्द.

शुद्धमती:
हे तुम्हीच ठरवलंत की कुठे वाचलंत?

जुना_कारकून:
आमच्या वडिलांनी सांगितलं होतं.

मधलीआळी:
मी इतका वेळ नुसतं वाचत होते, पण एक सांगते. शब्दापेक्षा पुढचं महत्त्वाचं आहे. आमच्या काकांना अशीच कळ आली होती. चार दिवसांनी थांबली. काका म्हणाले, खडा पडला. कोणी परत सोनोग्राफी केली नाही. आठ महिन्यांनी दुसऱ्याच कशासाठी केली, तर खडा तिथेच आणि किडनीचा गर कागदासारखा पातळ. ती किडनी गेली. डॉक्टरांनी 'सूज' म्हटलं होतं, आणि आपल्या डोक्यात सूज म्हणजे आपोआप उतरणारी गोष्ट.

सोनोवाली:
हे फार पाहिलंय. कळ येते ती अचानक ताण बसल्यामुळे. हळूहळू ती किडनी लघवी कमी तयार करते, ताण कमी होतो आणि दुखणं थांबतं. बांध मात्र जागेवरच असतो. म्हणून कळ थांबली ह्याचा अर्थ खडा पडला असा धरू नये. खडा गाळणीत मिळाला तर उत्तम, नाहीतर परत फोटो काढून फुगवटा ओसरला का ते बघायचं. मधल्या नळीवर आतड्यांतला वायू आडवा येतो, सोनोग्राफीला तिथलं नीट दिसत नाही. शंका राहिली तर साधा सीटी.

उंबरठा, ५ मिमीपर्यंतचे खडे बहुतेक आपणहून पडतात, १० मिमीच्या वरचे क्वचितच. आईंचा मधला आहे, पण तळाशी पोचलाय, त्यामुळे डॉक्टर गोळ्या देऊन थोडे दिवस वाट बघतील. साधारण चार आठवड्यांच्या पुढे नाही. एकच गोष्ट घरात सगळ्यांना पाठ करून ठेवा : हुडहुडी भरून ताप आला तर रात्र आहे, रविवार आहे असं काही बघायचं नाही. अडलेल्या लघवीत पू झाला की तासांचा हिशेब असतो. तेव्हा आधी नळी घालून वाट मोकळी करतात, खड्याचं नंतर बघतात. आणि कळ चालू असताना तांब्यावर तांबे पाणी पाजू नका. बंद दरवाज्यावर आणखी पाणी सोडून काय होणार?

पानफुटी:
म्हणजे कढणही कळ थांबल्यावरच द्यायचं का?

उंबरठा:
काल रात्री फोन केला. म्हटलं, आई, सूज नाही, उजव्या किडनीला फुगवटा आलाय, खाली दरवाजा अडलाय. तिने पुढचं विचारलंच नाही, लगेच म्हणाली, "मग कोयनेतनं पाणी कमी सोडायला हवं." मीठ सुरू झालं. कळ आली की पाण्याचा तांब्या लांब ठेवते. रविवारी परत सोनोग्राफी आहे.

कृष्णाकाठ:
आईंना नमस्कार सांगा. फक्त कोयना नाही हो, आमचा फुगवटा अलमट्टीचा. २०१९ ला आमच्या घरात छातीइतकं पाणी होतं.

जुना_कारकून:
अलमट्टीचा सांगलीपर्यंत काही संबंध नाही. तुमच्या नदीपात्रात अतिक्रमणं किती आहेत ते बघा आधी.

कृष्णाकाठ:
काका, तुम्ही राहता कुठे? पाणी उतरायला किती दिवस लागले ते मी जिन्यावर बसून मोजलंय.

शुद्धमती:
तुंब्याचं कोणी बघितलं का कोशात?