उचल निम्मी होत नाही

>> हेलियम हायड्रोजनच्या दुप्पट जड, म्हणजे उचल निम्मी होणार ना?

नाही. वायुनौकेची, म्हणजे हलक्या वायूच्या जोरावर तरंगणाऱ्या यानाची, उचल आतल्या वायूच्या वजनावर नाही, तर त्याच्या आणि बाहेरच्या हवेच्या वजनातल्या फरकावर ठरते. एक घनमीटर हवा सव्वा किलोच्या आसपास भरते, तेवढाच हेलियम १७० ग्रॅम आणि हायड्रोजन ८५ ग्रॅम. वजाबाकी केली की उचल साधारण १.०५ आणि १.१४ किलो येते, म्हणजे तोटा जेमतेम ७-८ टक्के. हिंडेनबर्ग या जर्मन वायुनौकेचा आराखडा मुळात हेलियमसाठीच होता, पण अमेरिकेने हेलियमची निर्यात रोखलेली असल्याने त्यात हायड्रोजन भरला गेला. पिशवीतला शुद्ध हायड्रोजन पेटत नाही, हे बरोबर आहे. धोका गळतीचा. हवेत ४ ते ७५ टक्के इतक्या रुंद पट्ट्यात तो पेट घेतो आणि त्याला अगदी बारीक ठिणगी पुरते.

सुकाणूबद्दल एक भर. शेपटीच्या पंखांवरून हवा वाहत असेल तरच ते काम करतात, त्यामुळे उतरताना वेग कमी झाला की यान ऐकेनासं होतं (दोर धरायला खाली माणसं लागत ती यासाठीच). सांगाडा नसलेल्या यानात नाक वर-खाली करायला दुसरी सोय असते: आत पुढे आणि मागे हवेच्या दोन पिशव्या. मागची जास्त फुगवली की शेपूट जड होते आणि नाक वर येतं.